चौदा रकाने

सत्यभामाबाईंनी तीन रजया उसवल्या त्या माझ्या सांगण्यावरून. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी बाजू घ्यायचा मोह तुम्हाला होणार नाही, आणि मलाही.

देऊळघाटला माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, जातीचा दाखला, जे म्हणाल ते. ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या वर्षी कर्जमाफीचे अर्ज भरायचे होते तेव्हा माझ्या दारात सकाळपासून रांग लागायची. नवरा-बायको दोघांना यावं लागे. शेतात काम करून करून अंगठ्याच्या रेषा पुसलेल्या, मशीन अंगठा घेत नसे, आणि मी म्हातारी माणसं पाहूनही खेकसायचो, "हात धुऊन या." आधार नसलेल्याला, बापाचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असलेल्याला मी परत पाठवायचो. एक रकाना कोरा राहिला की अर्ज बाद. माझ्या केंद्रातून गेलेला अर्ज अपूर्ण म्हणून परत आला नाही, हे मी लग्नाकार्यातही सांगत फिरायचो. लोक मला संघपाल सर म्हणायला लागले ते त्या दिवसांत, आणि ते 'सर' माझ्या डोक्यात गेलं.

त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली. बीटी बियाणं आहे, अळी येणार नाही, असं ज्यांनी आम्हाला सांगितलं होतं ते तेव्हा कुठे दिसले नाहीत. बोंडं नीट फुटेनात, कापूस डागाळला, आणि वेचणीला जाणाऱ्या बायांच्या हातचं काम गेलं. बद्रुद्दीन चाचांचं गावात कापूस पिंजायचं मशीन आहे. त्यांचे वडील खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली घेऊन गावोगाव फिरायचे. चाचा म्हणाले, "व्यापारी डाग पाह्यते. रजईच्या पोटातला डाग कोन पाह्यते?" डागी कापसाची सरकी काढून आणायची, चाचांनी पिंजायचा, बायांनी रजया भरायच्या आणि हातानं टाके घालायचे, असं ठरलं. बारा बायांचा गट झाला. आणि या रजया मुंबई-नाशिकच्या लोकांना विकायला ऑनलाइन दुकान कोण उघडणार? संघपाल सर.

दुकान मी आठ दिवसांत उभं केलं. दुकानाचा तयार सांगाडा मिळतो, त्यात आपले फोटो आणि रकाने भरायचे. फोटो चाचांच्या मुलीनं, कौसरनं काढले. ती बुलढाण्याला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती, आणि पॅकिंगही तीच करायची. बाकी सगळं माझं. विशेषतः गिऱ्हाइकानं भरायचा फॉर्म. तो मी फार मन लावून केला होता.

गटाची नोंद करतानाही मी असंच मन लावलं होतं. सगळ्या बाया चाचांच्या शेडमध्ये बसल्या होत्या, मी एकेकीला विचारून रजिस्टर भरत होतो. सत्यभामाबाईंचा नंबर आला. पन्नाशीची बाई, अंगानं बारकी, बोलणं जवळजवळ नाहीच.

"नवऱ्याचं नाव?" मी विचारलं.

त्या जमिनीकडे बघत राहिल्या. त्यांचा नवरा वीस वर्षांपूर्वी सुरतेला गेला आणि तिथे दुसरं घर करून राहिला, हे शेडमधल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

"ते राहू द्या न भाऊ," त्या म्हणाल्या.

"रकाना कोरा नाही ठेवता येत," मी म्हणालो. तो माझाच रकाना होता. मीच पट्टीनं आखलेला. शेवटी शेजारच्या बाईनं नाव सांगितलं आणि मी ते मोठ्यानं उच्चारत लिहिलं, कारण मला तशी सवय होती.

पण बाईच्या हातात कसब होतं. बाकीच्या बाया सरळ टाके घालत. सत्यभामाबाई पेरणीचे तास असावेत तशा ओळी कडेकडेनं फिरवत मधोमध आणायच्या, आणि चारही कोपऱ्यांत एकेक पाखरू. लाल खोळ, पांढरा दोरा. एका रजईला पाच दिवस लागायचे.

ऑक्टोबरच्या मध्याला दुकान सुरू झालं. थंडीच्या तोंडावर. महिन्यानं मी हिशेब बघितला. दोनशे बारा लोकांनी रजई निवडून दुकानाच्या टोपलीत, म्हणजे कार्टमध्ये, टाकली होती आणि नऊ जणांनी विकत घेतली होती. बाकीचे दोनशे तीन टोपली तिथेच टाकून निघून गेले. ऑनलाइन दुकानात शंभरातले सत्तर असे जातातच, हे मी वाचलं होतं. लोक सहज म्हणून उचलतात, भाव बघतात, जातात. पण आमचे शंभरातले शहाण्णव जात होते.

सोडलेल्या टोपल्यांची यादी मी छापून काढली. पानांमागून पानं, आणि पानोपानी एकच नाव, सत्यभामाबाईंची लाल रजई. दोनशे तीनपैकी एकशे तेरा टोपल्यांत तीच. मला वाटलं, चोर सापडला.

मी ती यादी घेऊन शेडमध्ये गेलो. बाराही बाया हजर होत्या. एकटीला बाजूला घेऊन सांगायचं मला सुचलं नाही, कारण मला सगळ्यांसमोर शहाणं दिसायचं होतं.

"सत्यभामाबाई, लोकाईले तुमची रजई पसंत नाही," मी कागद हलवत म्हणालो. "एकशे तेरा जनाईनं टोपलीत टाकली अन् सोडून देली. तुमच्या मालापायी सगळ्याईचा माल पडून राह्यला."

त्यांनी हातातली सुई पदरात खोचली. "काऊन भाऊ? टाका जाड होते काय?"

"ते मले काय माहीत? जुन्या वळनाचं दिसते. पाखरं-बिखरं आता कोन पाह्यते?"

चाचा मशीन बंद करून पुढे आले. "संघपाल, या बाईच्या हातासारखा टाका पुऱ्या तालुक्यात नाही."

"चाचा, कॉम्प्युटर झूट बोलत नाही," मी म्हणालो.

सत्यभामाबाईंनी कागदाकडे बघितलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी हात जोडावेत तशी सुई-दोऱ्याची डबी दोन्ही हातांत धरली आणि बाकीच्या बायांना म्हणाल्या, "माह्यापायी तुमचं नुसकान झालं बाई." आणि उठून गेल्या.

मला तेव्हा लाज वाटली नाही. मला हलकं वाटलं. आता लिहितानाही तो हलकेपणा आठवला की कान गरम होतात.

त्यांची रजई मी दुकानातून काढली. चौकटीच्या, फुलांच्या, शहरी रंगांच्या रजया पुढे लावल्या. तीन आठवडे गेले. टोपलीत टाकणारेच निम्मे झाले आणि घेणारे आठवड्याला दोन होते ते एकावर आले. थंडी पडायला लागली होती. जानेवारी संपला की रजई कोण घेणार? बाया विचारायच्या, "सर, आज काही आलं काय?" आणि मी मान न उचलता कळफलक बडवायचो.

एका दुपारी कौसर केंद्रात आली. पार्सलसाठी एक कोरं बिल न्यायला आली होती, पण गेली नाही.

"सर, लोकं कुठी सोडून जाते ते पाह्यलं काय?"

"पाह्यलं न. यादी नाही काय छापली?"

"ते काय सोडलं याची यादी होय. मी कुठी म्हनून राह्यली. टोपलीत टाकल्यावर लोकाईले चार दारं लागते. पुढं जा दाबनं, मंग फॉर्म, मंग डिलिव्हरीचा खर्च दिसते, मंग पैसे भरनं. कोन्या दारातून किती परत गेले?"

असा विचार मी केलाच नव्हता. आकडे तिथेच होते, दोन टिचक्यांवर. पण जो माणूस दिवसभर लोकांना 'नीट वाचत जा' म्हणतो त्यानं स्वतः पहिलंच पान वाचलं होतं. मी पहिल्या महिन्याचे आकडे उघडले आणि कौसरनं त्या कोऱ्या बिलाच्या मागे लिहून घेतले.

दोनशे बारांपैकी बत्तीस जण पुढे गेलेच नाहीत. ते नुसते बघे. उरले एकशे ऐंशी. ते फॉर्मवर आले. फॉर्म पूर्ण भरला एकतीस जणांनी. एकशे एकोणपन्नास तिथून परत. एकतीसपैकी चौदा डिलिव्हरीचा खर्च बघून गेले. उरलेल्या सतरापैकी आठ पैसे भरण्याच्या पानावरून गेले. घेतली नऊ जणांनी.

"फॉर्म," कौसर म्हणाली.

"फॉर्ममध्ये काही नाही," मी म्हणालो. "मी स्वतः भरून पाह्यला. दोन मिनटं लागते."

"कशावर पाह्यला? या मोठ्या कॉम्प्युटरवर? लोकं मोबाईलवर घेते सर."

तिनं स्वतःच्या मोबाईलवर दुकान उघडलं आणि माझ्यासमोर फॉर्म भरायला घेतला. मोबाईल नंबर. पर्यायी मोबाईल नंबर. नाव. वडिलांचे किंवा पतीचे नाव. आडनाव. ईमेल. घर क्रमांक. गल्ली. जवळची खूण. गाव. तालुका. जिल्हा. पिनकोड. आणि चौदावा, आधार क्रमांक. प्रत्येकासमोर लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. कौसर अंगठ्यानं पान सरकवत होती आणि पान संपत नव्हतं. तिनं ईमेलचा रकाना मुद्दाम कोरा ठेवला आणि 'पुढे जा' दाबलं. लाल अक्षरांत 'अर्ज अपूर्ण' असं आलं आणि चौदाच्या चौदा रकाने कोरे झाले.

'अर्ज अपूर्ण' हे शब्द माझे होते. दुकानाच्या सांगाड्यात मुळात सहाच रकाने होते. आठ मी वाढवले होते. मला ते सहा वेंधळेपणाचे वाटले होते. आधारशिवाय अर्ज कसा असेल? बापाच्या नावाशिवाय माणूस कोण आहे हे कसं कळेल? रजई विकत घ्यायला आलेल्या माणसाला मी कर्जमाफीच्या रांगेत उभं केलं होतं.

"रजई घ्याले आधार कोन मांगते सर?" कौसर हळू म्हणाली.

"तू मले शिकवू नको," मी म्हणालो. आवाज चढला होता. "नऊ जनाईनं भरलाच न? ज्याले घ्याची असन तो भरन."

तिनं ऐकलं नाही. मोबाईल नंबर पहिल्याच रकान्यात होता आणि टाकताक्षणी साठवला जायचा. अर्धवट सोडून गेलेल्यांचे नंबर आमच्याकडे होते. पुढच्या दोन दिवसांत तिनं शेडमध्ये बसून वीस जणांना फोन लावले. 'घ्या' असं एकालाही म्हणाली नाही, फक्त विचारलं, काय अडलं? सहा जणांनी उचललाच नाही. चौदा बोलले. दोघं नुसते बघत होते. एकाला डिलिव्हरीचा खर्च जास्त वाटला. एकाला घरी रजई आल्यावरच पैसे द्यायचे होते. दहा जणांनी फॉर्मचं नाव घेतलं.

नाशिकच्या एका बाईंचं बोलणं कौसरनं शब्दशः लिहून आणलं होतं. 'रजई फार आवडली होती हो. पण तुम्हाला माझ्या नवऱ्याचं नाव कशाला हवं? मी एकटी राहते. ते लिहायचं नव्हतं म्हणून सोडून दिलं.'

तो कागद वाचताना कौसर माझ्याकडे बघत नव्हती. तिची ती माया मला जास्त झोंबली.

आणि तिनं दुसरा कागद पुढे केला. "सर, सत्यभामा मावशीचं बी पाह्यलं मी. एकशे तेरा सोडल्या, खरं हाय. पन टोपलीत किती जनाईनं टाकल्या होत्या? एकशे अठरा. पाच विकल्या. बाकीच्या सगळ्या रजया मिळून टाकल्या चौऱ्यान्नव अन् विकल्या चार. शंभरामांगं दोन्हीकडं चारच पडते. मावशीची रजई लोकाईनं जास्त सोडली नाही. जास्त उचलली. म्हनून सोडलेल्या यादीत तीच दिसली."

मी ते गणित तीनदा केलं. तीनदा तेच आलं. दोनशे बारांपैकी एकशे अठरा लोकांनी, म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांनी, सगळ्या रजयांत बाईंची रजई निवडली होती. आणि मी बारा बायांसमोर त्यांना सांगितलं होतं की त्यांची रजई कोणाला पसंत नाही.

आता इथे माझी खरी लायकी दिसते. शनिवारी शेडमध्ये बैठक होती. काय काय सुधारायचं आणि आधी काय, याची यादी मला वाचायची होती, कारण हाताशी दीडच महिना होता आणि सगळं एकदम करायला माणसं नव्हती. मी यादी केली. पहिलं, रजयांचे नवीन नमुने. दुसरं, फोटो उजेडात काढणे. तिसरं, रजई घरी आल्यावर पैसे देण्याची सोय. चौथं, डिलिव्हरीचा खर्च कमी करणे. पाचवं, फॉर्ममध्ये किरकोळ बदल.

किरकोळ. हा शब्द मी लिहून, खोडून, पुन्हा लिहिला.

शनिवारी बैठकीआधी कौसरनं यादी वाचली. "सर, हा क्रम आकड्याईचा नाही."

"मंग कशाचा हाय?"

ती उत्तर द्यायच्या ऐवजी बिलाच्या पाठीवर लिहायला बसली. "पाहा. खर्चाच्या दारातले चौदापैकी निम्मे अडवले, त नवाचे बारा-तेरा होतीन. पैशाच्या दारातले आठपैकी निम्मे अडवले, तरी तेराच. पन फॉर्ममधून एकतीसच्या जागी शंभर पार झाले, अन् पुढची दारं हायेत तशीच राह्यली, तरी एकोनतीस होते. मानलं, वाढीव लोकं थोडे कच्चे असतीन, एकोनतीस नाही होनार. तरी दुप्पट कुठं गेले नाही. विहिरीपाशी पाईप फुटला असन त शेवटच्या झाडाले आळं करून काय फायदा? फॉर्म एक नंबर. तो दुरुस्त झाला की दुसऱ्या दारात गर्दी होईन, म्हनून खर्च दोन नंबर. तो रजईच्या फोटोखालीच लिहू, शेवटी धक्का नको. घरी पैसे देनं तीन नंबर. अन् नवीन नमुने..." ती थांबली. "ते यादीत येतच नाही. लोकाईले जुनेच पसंत होते."

आणि फॉर्म दुरुस्त करायला किती वेळ? अर्धा तास. सगळ्यात जास्त फायदा, सगळ्यात कमी काम. पहिल्या नंबरावर न टाकण्याचं कारण एकच होतं आणि ते माझ्या खुर्चीत बसलं होतं.

"माहीच यादी वाचतो मी," मी म्हणालो. "फॉर्म नंतर गुपचूप दुरुस्त करून टाकतो. काम होऊन जाते, कोनाचं काही जात नाही."

"मावशीचं जाते," कौसर म्हणाली.

मी न ऐकल्यासारखं केलं आणि उठलो.

शेडमध्ये बाया जमल्या होत्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा सत्यभामाबाई आल्या होत्या, दाराशी बसल्या होत्या, मांडीवर गाठोडं. मी यादी काढून "पहिलं..." असं म्हणतच होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "भाऊ, आंधी हे पाहून घ्या. मंग वाचा."

त्यांनी गाठोडं सोडलं. लाल कापडाच्या घड्या होत्या, नुसत्या खोळी. "घरी तीन तयार होत्या. त्या उसवल्या मी. कापूस चाचाच्या पोत्यात टाकून देला. आता तुमी सांगान तसे टाके घालतो. सरळ म्हनान त सरळ, चौकट म्हनान त चौकट." त्यांनी एक खोळ झटकून पसरली. "फक्त पहिल्या टाक्याची भोकं दिसते. धुऊन पाह्यली, तरी जात नाही. हे चालन काय?"

लाल कापडावर टाक्यांचे तास दिसत होते. दोरा नव्हता, पण ओळ न ओळ दिसत होती, कडेकडेनं फिरत मधोमध आलेली. कोपऱ्यात भोकांचं पाखरू. पंधरा दिवसांचं काम, त्यांनी एकटीनं घरी बसून, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून उसवलं होतं.

माझ्या हातात यादी होती आणि पहिल्या ओळीवर लिहिलं होतं, रजयांचे नवीन नमुने. मला ती वाचता येईना. वाटलं, फोन आल्याचं सोंग करून बाहेर जावं. मी खरंच खिशाला हात लावला. कौसरनं बघितलं. मग मी कागद खाली ठेवला.

"सत्यभामाबाई," मी म्हणालो, "तुमच्या रजईत काही खोट नव्हती. खोट माह्या फॉर्ममध्ये होती."

मग मी सांगितलं. काही झाकलं नाही. एकशे अठरा लोकांनी त्यांची रजई उचलली होती, हे सांगितलं. दारात मी चौदा रकाने घेऊन बसलो होतो आणि लोक माझ्यामुळे परत गेले, हे सांगितलं. कळल्यावरही आजची यादी मी खोटी केली होती, माझी चूक पाचव्या नंबरावर टाकली होती, हेही सांगितलं. ते सांगायला सगळ्यात जड गेलं. चाचांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. बारा बायांसमोर मी जसा त्या दिवशी शहाणा झालो होतो, तसाच आता उघडा पडलो.

सत्यभामाबाई खोळीवरून बोटं फिरवत होत्या.

"म्हंजे ज्याईनं सोडली त्याईले आवडली होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अन् तुमी मले म्हनलं, पसंत नाही."

"हो. चुकलं माहं."

त्यांनी मला माफ केलं असं सिनेमात होतं. त्या उठल्या, खोळी तिथेच ठेवल्या आणि म्हणाल्या, "तीन आठवडे मी कोनाच्या घरी हळदी-कुंकवाले बी गेली नाही भाऊ. मले वाटलं, बाया म्हनतीन, हिच्यापायी आपलं काम गेलं." आणि निघून गेल्या.

फॉर्म त्याच दुपारी दुरुस्त केला. सहा रकाने ठेवले. मोबाईल, नाव, पत्ता, गाव, जिल्हा, पिनकोड. एखादा चुकला तर फक्त तोच लाल होईल, बाकीचे तसेच राहतील, असं केलं. लोकांनी भरलेले आधार क्रमांक आमच्याकडे साठले होते, ते पुसून टाकले. मग कौसरच्या क्रमानं, डिलिव्हरीचा खर्च रजईच्या फोटोखालीच लिहिला. घरी पैसे देण्याची सोय व्हायला आणखी आठ दिवस लागले. लाल रजई पुन्हा पहिल्या जागी लावली, पाच दिवसांत शिवून मिळेल असं लिहून, कारण तयार एकही नव्हती. ती शिवणारी शिवेल का, हेही माहीत नव्हतं. कौसरनं फोन केलेल्या लोकांना परत एकदा निरोप पाठवला, फॉर्म छोटा केला आहे, तसदीबद्दल माफ करा. माफीचं वाक्य मी लिहिलं.

दहा दिवसांत सत्तर टोपल्या भरल्या आणि आठ विकल्या गेल्या. जुन्या हिशेबानं तीन गेल्या असत्या. आठपैकी पाच लाल होत्या.

पहिली मागणी आली त्याच दिवशी मी चिठ्ठी छापून सत्यभामाबाईंच्या घरी गेलो होतो. जाताना बरोबर रजिस्टर नेलं होतं, लाल रजई त्यांच्या नावावर परत चढवायची म्हणून. त्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत. मी उभाच राहिलो.

"बाई, मागनी आली. तुमच्याच रजईची. नाशिकच्या बाई हायेत, पहिल्या वेळेस सोडून गेल्या होत्या त्याच."

"नाव काय तिचं?"

"वैजयंता."

त्यांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "नवऱ्याचं?"

मी चिठ्ठीकडे बघितलं. बघायची गरज नव्हती. "आता ते विचारत नाही आपन."

मग पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि मी बघू शकलो नाही.

"मंग माहं बी खोडा," त्या म्हणाल्या.

मी ओट्याच्या कडेला टेकलो, रजिस्टर उघडलं आणि त्यांच्या ओळीतलं ते नाव एका रेघेनं खोडलं. त्यांनी वाकून बघितलं. वाचता येत नसलं तरी रेघ कळत होती.

"वरतं दुसरं काही लिवू नका," त्या म्हणाल्या. "कोरं राहू द्या."

"कोरंच राह्यते," मी म्हणालो.

त्यांनी सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "खोळी आना. त्याच भोकातून शिवतो."